नावापुढची अक्षरे : ‘एफसीए’चं वजन कुठे पडतं?

प्रमाणपत्रांच्या नूतनीकरणावरचा मागचा भाग वाचून एका सीए वाचकांनी विचारलं आहे की, ‘सीआयएसए’साठी परीक्षा द्यावी लागली, अनुभव दाखवावा लागला आणि ते टिकवायला दर तीन वर्षांत १२० तासांच्या अभ्यासाचा हिशेब द्यावा लागतो. ‘एफसीए’ मात्र पाच वर्षं सरली, अर्ज केला, शुल्क भरलं की मिळतं. मग ती दोन अक्षरं मिरवायची कशासाठी?

प्रश्नातलं वर्णन बरोबर आहे. १९४९च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार नोंदणी झालेला सदस्य आधी असोसिएट असतो. पाच वर्षं सलग व्यवसाय केला, किंवा तेवढी वर्षं सदस्य राहून ठरवून दिलेला अनुभव मिळवला, की तो फेलो होऊ शकतो. परीक्षा नाही, मुलाखत नाही. ऑडिट रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार व्यवसाय प्रमाणपत्रातून येतो, आणि ते एसीएकडेही असू शकतं. म्हणजे एफसीए झाल्याने नवं कौशल्यही सिद्ध होत नाही आणि सहीचा नवा अधिकारही मिळत नाही. तरीही त्याला किंमत आहे. ती कुठे, हे रिझर्व्ह बँकेच्या २७ एप्रिल २०२१च्या ऑडिटर नेमणुकीच्या मार्गदर्शक सूचनांत दिसतं.

समजा, एका नागरी सहकारी बँकेची मालमत्ता ४,००० कोटी रुपये आहे. १,००० ते १५,००० कोटींच्या गटात या सूचनांनुसार फर्ममध्ये किमान तीन पूर्णवेळ भागीदार लागतात. त्यांपैकी किमान दोन एफसीए आणि निदान तीन वर्षं फर्मशी जोडलेले हवेत. शिवाय एका भागीदाराकडे किंवा पगारी सीएकडे सीआयएसए किंवा आयएसए ही माहिती-प्रणाली ऑडिटची पात्रता हवी. आता एखाद्या फर्ममध्ये तीन भागीदार आहेत. एक एफसीए, आणि दोघांचा सलग व्यवसाय सहा वर्षांचा, पण फेलोशिपचा अर्ज ‘करू कधीतरी’ म्हणून राहिलेला. ही फर्म एफसीएच्या रकान्यातच अडते. उलट तिघेही एफसीए असले आणि सीआयएसएवाला कुणीच नसला, तरी काम हुकतं. एक रकाना दुसऱ्यात वळता करून घेता येत नाही, कारण पहिल्यात फर्मचा मुरलेपणा मोजला जातो आणि दुसऱ्यात एक ठरावीक कौशल्य.

यावर कुणी म्हणेल, मग ही ज्येष्ठतेची नुसती पावतीच झाली. झालीच; पण नियामकाला नेमकी तीच पावती हवी आहे. हीच अक्षरं कंपनीतल्या नोकरीच्या अर्जावर फारशी बोलत नाहीत. उमेदवार कोणत्या साली सीए झाला हे तिथे लिहिलेलंच असतं, आणि त्यापलीकडे एफसीए काही सांगत नाही. त्याने कोणती ऑडिट्स सांभाळली, हेच विचारलं जाणार.

आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेत गोष्ट निराळी आहे. तिथली सीनियर मेंबर ही श्रेणी स्वतः अर्ज करून मिळते. दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यात पदवीची तीन वर्षं धरली जातात. शिवाय ठळक कामगिरी आणि शिफारशी दाखवाव्या लागतात. फेलो होण्यासाठी मात्र दुसऱ्या कुणीतरी नामांकन करावं लागतं, तज्ज्ञ काम तपासतात, आणि एका वर्षी मतदार सदस्यांच्या हजारात एकापेक्षा जास्त जणांना ती मिळत नाही. अमेरिकेतल्या ‘असामान्य क्षमता’ गटातल्या ग्रीन कार्डसाठी सदस्यत्वाचा पुरावा देता येतो. पण ती संस्था सदस्यांकडून उल्लेखनीय कामगिरी मागते आणि ती तज्ज्ञांकडून पारखून घेते, हे दाखवावं लागतं. वर्गणी भरून मिळणारं साधं सदस्यत्व या कसोटीला उतरत नाही, तज्ज्ञांनी निवडलेली फेलोशिप उतरू शकते. तिथल्या आपल्या मराठी अभियंत्यांनी सीनियर मेंबर या श्रेणीवर भिस्त ठेवण्याआधी हा फरक पाहावा.

तेव्हा फेलोशिपला वजन दोनच ठिकाणी येतं: एखाद्या नियमात ती मोजली जाते तिथे, किंवा ती नाकारली जाऊ शकते तिथे. ईमेलवर आमंत्रण आणि सोबत शुल्काचा तक्ता येतो, अशी फेलोशिप या दोन्हींत बसत नाही. एफसीए पहिल्या प्रकारात बसते. म्हणून फर्म चालवणाऱ्याने पाच वर्षं भरताच अर्ज करून टाकावा, आणि आयटी ऑडिटची नोकरी शोधणाऱ्याने बायोडेटात सीआयएसए तिच्या वर लिहावं.