विसरलेल्या यंत्राचे भाडे

दूरच्या कंपनीचे संगणकयंत्र, म्हणजे सर्व्हर, तासाच्या भाड्याने मिळते. आपण त्याचा उपयोग करतो की नाही, हे कंपनी पाहत नाही. ते चालू आहे, एवढेच मोजते. आम्ही एका महिन्याच्या 1 तारखेला प्रयोगासाठी असे यंत्र घेतले आणि चक्क विसरलो. तासाला 10 सेंट, म्हणजे दिवसाला 2.40 डॉलर, तीस दिवसांचे 72! शिवाय त्यावर ठेवलेली चित्रे लोक उतरवून घेत होते. आत येणाऱ्या माहितीवर बहुधा जकात नसते, बाहेर जाणाऱ्या माहितीवर असते. 500 गिगाबाइट बाहेर गेली. पहिली 100 माफ, उरलेल्या 400 वर 9 सेंटप्रमाणे 36 डॉलर. एकूण 108.

खात्यात महिन्याचे 40 डॉलरांचे अंदाजपत्रक नोंदवून निम्म्या खर्चाला इशारा मागितला असता, तर फार तर नवव्या-दहाव्या दिवशी ईमेल आली असती. मात्र इशारा ही पहारेकऱ्याची हाळी आहे; तो कुलूप लावीत नाही. खर्चाची नोंदही काही तास मागे असते. यंत्र आपणच बंद करावे लागते; आणि ते बंद केले तरी त्याला जोडलेली डिस्क काढून टाकीपर्यंत तिचे भाडे चालूच राहते.