समोरच्या बाजूची उंची

२९ जानेवारी २०२५ रोजी पहाटे श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण झालं. जीएसएलव्ही रॉकेटने एनव्हीएस-०२ हा सव्वादोन टनांचा दिशादर्शक उपग्रह अवघ्या एकोणीस मिनिटांत ठरलेल्या कक्षेत सोडला. टाळ्या वाजल्या, अभिनंदनं झाली. चार दिवसांनी इस्रोने कळवलं की उपग्रहाच्या इंजिनांकडे ऑक्सिडायझर सोडणाऱ्या झडपा उघडल्याच नाहीत, त्यामुळे त्याची कक्षा उंचावता आली नाही. रॉकेटने आपलं काम चोख केलं होतं. सौरपंख उघडले होते, वीज मिळत होती, जमिनीशी संपर्कही होता. तरी उपग्रह पृथ्वीपासून कधी १७० किलोमीटर, तर कधी साडेछत्तीस हजार किलोमीटर अंतरावर, अशा लांबट वाटेवर अडकून पडला.

रॉकेटने त्याला असं लांबट वाटेवर सोडलंच का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर १९२५ साली जर्मनीत छापून आलं होतं. वाल्टर होमान हा एसेन शहराच्या नगरपालिकेत काम करणारा अभियंता. ग्रहांपर्यंत पोहोचायचं तर किती इंधन लागेल, याचा हिशेब तो फावल्या वेळात मांडत असे. द्रव इंधनावर चालणारं जगातलं पहिलं रॉकेट उडायला तेव्हा अजून वर्ष बाकी होतं. लहान वर्तुळाकार कक्षेतून मोठ्या कक्षेत जायचं असेल, तर दोन्ही वर्तुळांना फक्त टेकणारं एक लंबवर्तुळ घ्यावं आणि इंजिन दोनदाच पेटवावं, असं त्याने दाखवलं. पहिल्यांदा ते लंबवर्तुळ पकडताना आणि दुसऱ्यांदा ते सोडताना. मधली वाट इंजिन बंद ठेवून फुकटात कापायची.

हे कळायला एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. कक्षेत फिरणाऱ्या यानाला त्याच्या चालीच्या दिशेने धक्का दिला, तर धक्का दिला त्या जागी त्याची उंची वाढत नाही. उंची वाढते ती पृथ्वीच्या पलीकडे, बरोबर समोरच्या बाजूला. धक्का दिलेल्या बिंदूतून यान दर फेरीला पुन्हा जातंच, कारण नव्या कक्षेचा तोही एक भाग असतो. म्हणून ‘वर जायचं आहे, तर इंजिन खाली रोखा’ ही आपली जमिनीवरची समजूत तिथे चालत नाही. इंजिन आडवं, चालीच्या उलट दिशेला फेकत असतं.

आता आकडे घालून पाहू. समजा, एक उपग्रह ३०० किलोमीटर उंचीवर गोल फिरतो आहे. तिथे त्याचा वेग सेकंदाला ७.७ किलोमीटर असतो. त्याला भूस्थिर कक्षेत, म्हणजे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर न्यायचं आहे. पहिल्या प्रज्वलनात वेगात सेकंदाला २.४ किलोमीटरची भर घातली की समोरच्या बाजूची उंची थेट ३५,७८६ वर जाते. इंजिन बंद. मग सव्वापाच तास उपग्रह नुसता चढत राहतो, आणि वर फेकलेल्या चेंडूसारखा चढताना मंदावत जातो. वरच्या टोकाला पोहोचेपर्यंत सेकंदाला १० किलोमीटरचा वेग १.६ वर आलेला असतो. त्या उंचीवर गोल फिरत राहायला ३.१ लागतो. तेवढा नाही, म्हणून काहीच न केल्यास उपग्रह परत खाली उतरतो आणि साडेदहा तासांनी जिथून निघाला तिथे येतो. वरच्या टोकावर दुसरं प्रज्वलन करून १.५ ची भर घातली, की समोरची, म्हणजे ३०० किलोमीटरची बाजू उचलली जाते आणि लंबवर्तुळाचं वर्तुळ होतं.

दोन्ही वेळा वेग वाढवला, आणि ७.७ ने फिरणारा उपग्रह शेवटी ३.१ ने फिरू लागला! यात जादू काही नाही. खर्च केलेली शक्ती आणि वेगातली बरीचशी शक्तीही उंची चढण्यात गेली.

त्या वरच्या टोकाला, अपभू बिंदूला, आणखी एक काम उरकून घेतात. श्रीहरिकोटा विषुववृत्तापासून सुमारे पावणेचौदा अंश उत्तरेला आहे. तिथून निघालेल्या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी तिरकी असते. भूस्थिर कक्षा मात्र नेमकी विषुववृत्ताच्या वर हवी. हा तिरकेपणा वीस अंशांचा धरला आणि तो ३०० किलोमीटरवर काढायचा म्हटलं, तर सेकंदाला जवळपास २.७ किलोमीटर इतका वेगबदल लागेल. पहिल्या प्रज्वलनापेक्षाही जास्त! वेगाने धावणाऱ्या वस्तूची दिशा वळवणं महाग असतं. अपभूला उपग्रह सगळ्यात संथ असतो. तिथे दुसऱ्या प्रज्वलनातच इंजिन जरा तिरकं रोखलं, तर १.५ ऐवजी साधारण १.७ मध्ये दोन्ही कामं होतात. माझ्या मते या सगळ्या गणितातली सर्वांत देखणी काटकसर ही आहे.

होमानच्या कागदावर प्रज्वलन क्षणात संपतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. पहिला धक्का रॉकेटचा शेवटचा टप्पा चढता चढताच देऊन टाकतो, पण दुसरा उपग्रहाला स्वतःच्या इंजिनाने द्यावा लागतो. इस्रोच्या उपग्रहांवरचं हे मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं, म्हणजे जेमतेम ४५ किलो वजन पेलेल एवढ्या जोराचं असतं. सव्वादोन टनांच्या उपग्रहाला लागणारा वेग द्यायला ते दोन तासांच्या आसपास जळत ठेवावं लागेल. तेवढ्या वेळात उपग्रह अपभूपासून बराच पुढे सरकतो आणि भलत्या जागी दिलेला धक्का इंधन खातो. म्हणून दुसऱ्या प्रज्वलनाचे तुकडे करतात. एका फेरीत थोडं, पुढच्या फेरीत अपभू आला की आणखी थोडं. कर्नाटकातल्या हासनच्या नियंत्रण केंद्रातून हे काम काही दिवस चालतं. प्रत्येक तुकड्यानंतर नवी कक्षा मोजायची आणि पुढचा आकडा त्यावरून ठरवायचा. एवढं करून उपग्रहाच्या उड्डाणवेळच्या वजनापैकी सुमारे ४० टक्के इंधन या एकाच कामात संपतं.

एनव्हीएस-०२ च्या बाबतीत हे इंधन टाकीत तसंच राहिलं. अवकाशात हवा नसते, त्यामुळे जाळण्यासाठी लागणारा ऑक्सिडायझर सोबतच न्यावा लागतो. त्याची झडप बंद राहिली तर इंधनाचा उपयोग शून्य. मग लंबवर्तुळाचं खालचं टोक, उपभू, १७० किलोमीटरवरच राहिलं. तिथे हवा अतिविरळ असली तरी दर फेरीला किंचित अडवतेच. इथेही तोच नियम लागू होतो, फक्त उलटा. अडथळा उपभूला, म्हणून उंची घटते ती समोरच्या अपभूची. अशा सोडून दिलेल्या उपग्रहाची कक्षा वरून आवळत जाते, आणि ती गोल व्हायला लागली की शेवट जवळ आलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘उपग्रह भूस्थिर संक्रमण कक्षेत सोडला’ अशी बातमी वाचाल, तेव्हा मोहीम फत्ते झाली असं समजू नका. त्यानंतरच्या आठवड्यात कक्षा उंचावल्याची छोटी बातमी आतल्या पानावर येते. ती शोधून वाचा.