नऊ इंचांनी चुकलेली पागोळी

आमच्या कोकणातल्या घराचं छप्पर उतरवून पुन्हा चढवलं, त्या वर्षीचा पहिला पाऊस मला लख्ख आठवतो. कौलं नवी, रिपा नव्या, वासे नवे, आत थेंबभरही गळत नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत ओट्याची कडा चिखलाने माखली. पूर्वी पागोळ्या ओट्याच्या अर्धा फूट पुढे अंगणात पडायच्या, त्या आता ओट्याच्या कडेवर, बरोबर तीन इंच आत आपटत होत्या. भिंतीच्या पायथ्याशी शिंतोडे उडत होते आणि ते पाणी चिऱ्यात मुरत होतं.

नऊ इंच कुठे गेले, हे शोधायला मला दोन दिवस लागले. लाकूड कमी पडलेलं नव्हतं. कापणाऱ्याने हिशेब केला होता आणि हिशेबाची रीतही बरोबर होती. चुकलं होतं ते टेपचं पहिलं टोक. त्याने घराची रुंदी खोलीच्या आतून मोजली होती.

दोन पाखांच्या साध्या छपराचा हिशेब एका काटकोन त्रिकोणावर उभा असतो. घर समोरून पाहा. आढ्याच्या मध्यापासून एक ओळंबा खाली सोडला आहे असं समजा. त्या दोरीने घराचे दोन सारखे भाग होतात आणि प्रत्येक भागात एक काटकोन त्रिकोण उभा राहतो. त्याची आडवी बाजू म्हणजे घराची अर्धी रुंदी, उभी बाजू म्हणजे भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतची उंची, आणि तिरकी बाजू म्हणजे वासा. आडवी आणि उभी बाजू ठरली की तिसरी आपोआप ठरते. दोन्ही बाजूंचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. शाळेत हे पायथागोरसच्या नावाने शिकवतात. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात हाच नियम यज्ञवेदी आखण्यासाठी सांगितला आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरी.

आमचं घर भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत २० फूट. अर्धी रुंदी १० फूट. आढ्याची उंची ६ फूट. दहाचा वर्ग १००, सहाचा ३६, बेरीज १३६. तिचं वर्गमूळ ११.६६, म्हणजे वासा ११ फूट ८ इंचाला अगदी थोडा कमी. हा झाला आढ्याच्या मध्यापासून भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचा वासा. वळचण अजून धरलेली नाही.

या उतारात एक सोय दडलेली आहे. दहाला सहा या उतारावर आडव्या एका फुटाला वासा जवळजवळ नेमका १४ इंच लागतो. प्रत्येक उताराचा असा एक आकडा असतो. तो एकदा काढला की दर वेळी वर्गमुळाच्या वाटेला जावं लागत नाही. दहा फुटांना १४० इंच, म्हणजे ११ फूट ८ इंच. वळचण भिंतीबाहेर आडवी अडीच फूट हवी, तर तिला ३५ इंच. एकूण १७५ इंच, म्हणजे १४ फूट ७ इंच. आमच्याकडच्या मंगलोरी कौलांना दोन रिपांमध्ये साधारण साडेबारा इंच अंतर लागतं. १७५ इंचांत कौलांच्या बरोबर १४ ओळी बसतात, एकही कौल कापावं लागत नाही. जुन्या माणसांनी हा उतार आणि ही वळचण सहज निवडली असेल असं मला वाटत नाही.

आता चूक पाहा. भिंती नऊ-नऊ इंच जाडीच्या, म्हणून आतून रुंदी भरली साडेअठरा फूट. तिची निम्मी ९ फूट ३ इंच. त्यात वळचणीचे अडीच फूट मिळवून आडवी लांबी झाली ११ फूट ९ इंच, आणि फुटाला १४ इंच या हिशेबाने वासा झाला १३ फूट साडेआठ इंच. प्रत्येक वासा साडेदहा इंच आखूड. उतारावरचे साडेदहा इंच म्हणजे जमिनीवरचे नऊ इंच. कौलांच्या १४ ऐवजी १३ ओळी बसल्या. ओळी कोणी मोजल्या असत्या तर पावसाआधीच कळलं असतं.

म्हणून लांबी काढण्याआधी त्रिकोणाचे तीन कोपरे कुठे आहेत ते बोटाने दाखवता आले पाहिजेत. खालचा कोपरा भिंतीवर आडवं टाकलेल्या लाकडाच्या बाहेरच्या कडेवर. तिथेच वाशाला खाच पडते आणि तो बसतो. वरचा कोपरा आढ्याच्या नेमक्या मध्यावर. वासे आढ्यावर चढून एकमेकांना भिडत असतील, तर लांबीत काही वजा करायचं नाही. पण मधे उभी फळी असेल आणि दोन्हीकडचे वासे तिला टेकत असतील, तर फळीची अर्धी जाडी आडव्या लांबीतून वजा होते. दोन इंची फळी असेल तर आडवा एक इंच, आणि वाशावर एक इंचाहून थोडं जास्त. हे विसरलं की वासे जागेवर बसत नाहीत, ते फळीला वर उचलतात आणि आढ्याची ओळ वाकडी होते.

उतार सांगण्याच्या पद्धतीतही घोटाळा होतो. कोणी उंची आणि अर्धी रुंदी यांचं प्रमाण सांगतं, कोणी उंची आणि पूर्ण रुंदी यांचं. आमचंच छप्पर पहिल्या रीतीने दहाला सहा, दुसऱ्या रीतीने वीसला सहा. ऐकणाऱ्याने दुसरा आकडा पहिल्या रीतीचा समजून लावला, तर आढं सहा फुटांऐवजी तीन फुटांवर येतं. तसंच अंश आणि टक्के. ३० अंशांच्या उताराला १० फुटांवर उंची ५ फूट ९ इंच येते. ३० टक्क्यांना फक्त ३ फूट. इतक्या सपाट पाखावर मंगलोरी कौलांखाली वाऱ्याबरोबर पाणी मागे सरकतं आणि घर गळतं. मी तर आता अंश किंवा टक्के विचारतच नाही. ‘आढं भिंतीच्या माथ्यापासून किती फूट वर?’ एवढंच विचारतो. त्या उत्तरात दोन अर्थ निघत नाहीत.

बैठ्या घरात मधे भिंत असते, आढं तिच्यावर टेकतं. शाळेच्या किंवा सभागृहाच्या मोकळ्या खोलीत ती सोय नसते, तिथे कैची लागते. वासे वजनाने खाली येताना पाय बाहेर फाकवतात आणि भिंतींना बाहेर ढकलतात. कैचीतली खालची आडवी तुळई ते दोन पाय एकमेकांना बांधून ठेवते. साध्या लाकडी कैचीत दोन तिरके दांडे, खाली तुळई, मधे एक उभा दांडा आणि त्याच्या पायथ्यापासून दोन्ही तिरक्या दांड्यांच्या मध्याला गेलेले दोन टेकू असतात. मधला उभा दांडा पाहणाऱ्याला खांब वाटतो, पण तो काही उचलून धरत नाही. तो वरून लोंबतो आणि तुळईला मधे झोल पडू देत नाही. म्हणून त्याचे खालचे सांधे ओढ सहन करतील असे, लोखंडी पट्टीने आवळलेले असावे लागतात.

आपल्याच मापाची कैची करू. तुळई २० फूट, मधला दांडा ६ फूट, तिरके दांडे ११ फूट ८ इंच. टेकू किती? तिरक्या दांड्याचा मध्य मधल्या दांड्यापासून आडवा ५ फूट दूर आणि तुळईपासून ३ फूट वर. पाचाचा वर्ग २५, तिनाचा ९, बेरीज ३४, वर्गमूळ ५.८३. म्हणजे ५ फूट १० इंच, तिरक्या दांड्याच्या बरोबर निम्मं. हा योगायोग नाही. काटकोन त्रिकोणाच्या तिरक्या बाजूचा मध्य तिन्ही कोपऱ्यांपासून सारख्याच अंतरावर असतो, मग उतार कितीही असो. त्यामुळे अशा कैचीतला टेकू वेगळा काढावाच लागत नाही, आणि तपासायला तो सर्वांत चांगला. कैची जमिनीवर मांडली, दोरीने मधल्या दांड्याच्या पायापासून तिरक्या दांड्याच्या मध्यापर्यंत अंतर घेतलं आणि तीच दोरी दांड्याच्या अर्ध्या भागाशी जुळली नाही, तर काटकोन कुठेतरी सुटला आहे. ही सगळी मापं दांड्यांच्या मध्यरेषांची आहेत. प्रत्यक्ष कापताना सांध्यावर समोरच्या लाकडाची जाडी वजा होते. लोखंडी पाइपची कैची करणाऱ्यांनाही हेच लागू पडतं.

गुण्या हातात असलेला सुतार आकडेमोड न करताही हे काढतो. गुण्याच्या एका पात्यावर १० इंच आणि दुसऱ्यावर ६ इंच धरून तो वाशावर ठेवायचा, खूण करायची, पुढे सरकवायचा, असं बारा वेळा. बारा पावलांत आडवे १२० इंच पूर्ण होतात आणि वाशाची लांबी मिळते. त्याच ठेवणीत सहाच्या पात्याची रेघ म्हणजे आढ्याशी कापायचा उभा काप. पण दर पावलाला अर्धा सूत सरकलं तरी शेवटी सहा सूत, म्हणजे पाऊण इंच चुकतं. म्हणून लांबी टेपने मोजावी आणि गुण्या कापाचा कोन आखण्यापुरता वापरावा.

शेवटची गोष्ट भिंतींची. जुन्या घराच्या भिंती दोन्ही टोकांना सारख्या अंतरावर असतीलच असं नाही. एका टोकाला २० फूट आणि दुसऱ्या टोकाला २० फूट २ इंच भरलं, तर आढं पातळीत ठेवल्यावर त्या टोकाचा वासा साधारण सात सुतांनी लांब लागतो. म्हणून दोन्ही टोकांची आणि मधली रुंदी घ्यावी, कर्ण दोरीने पडताळावेत, एक जोडी कापून चढवून पाहावी, आणि मगच बाकीच्या वाशांवर करवत चालवावी.

आमच्या घरी करवत आधी चालली होती. वासे बदलण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून सुतारकाकांनी प्रत्येक वाशाच्या शेपटाला बाजूने तीन-तीन फुटांचे तुकडे बोल्टने बांधले, असे की साडेदहा इंच बाहेर राहतील. त्यावर चौदावी रीप मारली आणि कौलांची चौदावी ओळ चढवली. श्रावणाच्या सरीत मी ओट्यावर उभा राहून पाहिलं. पागोळ्या कडेच्या अर्धा फूट पुढे, अंगणातल्या जुन्या चरात पडत होत्या.