खर्चाला मागणी समजू नका

बारावीच्या अर्थशास्त्रातला एक साधा दिसणारा प्रश्न घ्या. वहीची किंमत १० रुपयांवरून १२ रुपये झाली आणि वह्यांवरचा एकूण खर्च १,००० रुपयांवरून १,०८० वर गेला, तर मागणीची लवचिकता किती? घाईत अनेक जण खर्चातली ८ टक्के वाढ किमतीतल्या २० टक्के वाढीने भागतात आणि ०.४ लिहून मोकळे होतात. पण खर्च म्हणजे मागणी नव्हे. उत्तर धन चिन्हाचं आलं, म्हणजे महागल्यावर वह्या जास्त खपल्या असा अर्थ होतो. तिथेच शंका यायला हवी.

खर्चाला किमतीने भागा. आधी १०० वह्या होत्या, नंतर ९०. मागणी १० टक्क्यांनी घटली, म्हणून लवचिकता उणे ०.५, चिन्ह सोडून ०.५. फक्त प्रकार विचारला असता तर एवढंही नको होतं: किमतीबरोबर खर्च वाढला की मागणी कमी लवचीक.

गंमत म्हणजे किंमत १२ वरून १० झाली असं धरलं, तर हेच आकडे सुमारे ०.६७ देतात, कारण टक्केवारीचा पाया बदलतो. म्हणून मूळ किंमत कोणती, हे आधी पाहावं.

राष्ट्रीय उत्पन्नातही असंच फसायला होतं. उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निव्वळ निर्यात यांची बेरीज बाजारभावाने स्थूल देशांतर्गत उत्पादन देते. राष्ट्रीय उत्पन्न विचारलं असेल, तर त्यातून घसारा व निव्वळ अप्रत्यक्ष कर वजा करून परदेशातून मिळालेलं निव्वळ घटक उत्पन्न मिळवावं लागतं.