अनमॅच झाल्यानंतरची तक्रार

आमच्या डेटिंग ॲपमधली तक्रारीची सोय नव्याने आखायची होती. त्याआधी जुनी सोय कुठे अडते ते पाहावं म्हणून आम्ही काही वापरकर्त्यांना पुण्यातल्या ऑफिसात बोलावलं. काय घडणार आहे याची त्यांना आधी कल्पना दिली होती. एका मुलीच्या वेळी माझ्या सहकाऱ्याने चाचणीच्या खात्यावरून ठरलेला धमकीचा मेसेज पाठवला आणि लगेच तिला अनमॅच केलं. तिने यादी दोनदा वर-खाली सरकवली. चॅट नाहीसं झालं होतं, प्रोफाइलही. तक्रारीचं बटण त्या चॅटच्याच कोपऱ्यात, तीन ठिपक्यांमागे होतं, म्हणून तेही गेलं.

"आता तक्रार करायची कुणाची? तो आहेच कुठे?" तिने विचारलं. आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

ही अडचण फक्त आमची नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीने 2020 साली टिंडरबद्दल केलेल्या शोधवृत्तात हीच पळवाट पुढे आली होती: त्रास द्यायचा, अनमॅच करायचं, की मागे पुरावा उरत नाही. बम्बलने 2021च्या सुरुवातीला ती बुजवली. समोरच्याने अनमॅच केलं तरी ते चॅट हटवलेलं म्हणून यादीत दिसत राहील आणि तिथूनच तक्रार करता येईल, अशी सोय त्यांनी केली.

आम्हीही तिथूनच सुरुवात केली. अनमॅच म्हणजे बोलणं बंद, पुसणं नव्हे, असं ठरवलं. सर्व्हरवर ते चॅट ठरावीक काळ राहतं. ज्याने अनमॅच केलं त्याला ते दिसत नाही. दुसऱ्या बाजूला मात्र 'संपलेल्या गप्पा' या यादीत ते सापडतं. खुपणारा मेसेज दाबून धरला की 'तक्रार करा' येतं. तिथून पुढे फक्त दोन स्क्रीन. पहिल्यावर कारण निवडायचं, तेही बायका बोलताना वापरतात त्या शब्दांत: 'धमकी देतोय', 'घाणेरडे फोटो पाठवले', 'नाही म्हटलं तरी थांबत नाही'. दुसऱ्यावर ब्लॉक करायचं का, एवढंच विचारायचं. जुन्या फॉर्मात स्क्रीनशॉट आणि सविस्तर वर्णन सक्तीचं होतं. लोक नेमके तिथेच अर्ध्यावर सोडून जात. ज्या मेसेजने हात थरथरले तो पुन्हा उघडून त्याचा फोटो काढायला लावणं मला क्रूर वाटतं. शिवाय स्क्रीनशॉट खोटाही बनवता येतो. सर्व्हरवरचा मूळ मेसेज, त्याची वेळ आणि त्याच्या मागचे-पुढचे काही मेसेज तक्रारीला आपोआप जोडणं सोपंही आहे आणि खात्रीचंही. ॲपबाहेर, व्हॉट्सॲपवर किंवा प्रत्यक्ष भेटीत जे घडलं ते मात्र असं जोडता येत नाही. त्यासाठी लिहायची ऐच्छिक जागा ठेवली.

'तुमची तक्रार मिळाली, धन्यवाद' या वाक्यानंतर पूर्वी सगळं शांत व्हायचं. आता प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती कुठवर आली ते दिसतं: मिळाली, तपासात आहे, निर्णय झाला. धमकीची तक्रार रांगेत पुढे जाते. निर्णय कळवताना 'योग्य ती कारवाई केली' असं लिहायचं नाही. खातं बंद केलं, ताकीद दिली की काहीच केलं नाही, हे स्पष्ट सांगायचं. काही केलं नसेल तर फेरतपासणी मागता येते, आणि ती दुसराच मॉडरेटर करतो. भारताच्या 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत अशी मुदत घातली होती. पण धमकी आलेल्या बाईला 15 दिवस वाट पाहायला लावणं मला मान्य नाही.

यात एक चूक आमच्या हातून होता होता राहिली. निर्णयाची सूचना लॉक स्क्रीनवर पूर्ण वाक्यात झळकत होती. चाचणीला आलेल्या दुसऱ्या एका मुलीने सांगितलं, "माझा फोन घरात आई, भाऊ कुणीही उचलतं." ती ॲपवर आहे हेच घरी माहीत नव्हतं. आता सूचनेत फक्त 'एक नवा निरोप' एवढंच येतं, आणि ती पूर्ण बंदही करता येते.

मागच्या बाजूला आणखी एक बदल केला. एकाच माणसाविरुद्धच्या तक्रारी आता एकत्र दिसतात. एकेकटी पाहिली तर किरकोळ वाटणारी तक्रार तीन वेगवेगळ्या बायकांकडून आली की तिचा अर्थ बदलतो. मात्र नुसत्या संख्येवर खातं बंद होत नाही, कारण सूड म्हणून मित्रांना गोळा करून केलेल्या तक्रारीही येतात. मेसेज माणूसच वाचतो. खातं बंद केलेला माणूस नवं सिम घेऊन परत येऊ शकतो, आणि ते आम्हाला पूर्ण थांबवता आलेलं नाही.

तुम्ही असं कोणतंही ॲप वापरत असाल, तर कुणी त्रास दिल्यावर रागाने लगेच अनमॅच करू नका. काही ॲपांत तुमच्या हातूनही चॅट कायमचं जातं. आधी तक्रार करा, क्रमांक मिळाला तर जपून ठेवा, आणि मगच ब्लॉक करा.