दोन पावलांत शून्य होणारे मॅट्रिक्स

एखाद्या संख्येचा वर्ग शून्य आला, तर ती संख्या शून्यच असते. ५ घ्या, उणे ३ घ्या, अर्धा घ्या. शून्याखेरीज कोणतीही संख्या स्वतःशी कितीही वेळा गुणली तरी गुणाकार शून्य होत नाही. हे आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते की, हा नियम कधी मोडू शकेल असे मनातही येत नाही. पण संख्यांचा चौकोन, म्हणजे मॅट्रिक्स, हाती घेतले की तो मोडतो. हे मॅट्रिक्स पाहा:

```
A =  २  −१
     ४  −२
```

चारही घरांत शून्याचा पत्ता नाही. आता A ला A ने गुणू. पहिली ओळ आणि पहिला स्तंभ घेतला की २ × २ + (−१) × ४, म्हणजे ४ − ४ = ०. पहिली ओळ आणि दुसरा स्तंभ: २ × (−१) + (−१) × (−२), म्हणजे −२ + २ = ०. दुसऱ्या ओळीतही हेच होते: ८ − ८ आणि −४ + ४. चारही घरे रिकामी. ज्या चौरस मॅट्रिक्सचा कोणता तरी घात असा पूर्ण शून्य होतो, त्याला निलपोटंट मॅट्रिक्स म्हणतात. हे नाव अमेरिकन गणितज्ञ बेंजामिन पिअर्स यांनी १८७० साली रूढ केले.

हे कसे घडते, ते मॅट्रिक्स काय काम करते यावरून कळते. A ला (x, y) ही जोडी, म्हणजे एक सदिश दिला की ते (2x − y, 4x − 2y) ही जोडी परत देते. नीट पाहिले तर परत आलेल्या जोडीतला दुसरा आकडा नेहमी पहिल्याच्या दुप्पट असतो. म्हणजे सपाट कागदावरचा कोणताही बिंदू दिला, तरी A त्याला (१, २) या दिशेच्या एकाच रेषेवर आणून टाकते. आणि त्या रेषेवरच्या बिंदूंचे काय? (१, २) दिला की 2x − y = २ − २ = ०, आणि दुसरा आकडाही शून्य. पहिल्या पावलात सगळे त्या रेषेवर जमा होतात, दुसऱ्या पावलात ती रेषाच शून्यात जाते. (१, ०) ने सुरुवात केली तर आधी (२, ४) मिळते, मग (०, ०). आकडे शून्य नसूनही वर्ग शून्य येतो, तो यामुळे.

आता आयगेन व्हॅल्यूकडे येऊ. मॅट्रिक्स सहसा सदिशाची दिशा बदलते. पण एखादा सदिश v असा भेटतो की त्याची रेषा तशीच राहते, फक्त लांबी काही पटीने बदलते किंवा तोंड उलट दिशेला होते. ती पट म्हणजे आयगेन व्हॅल्यू, λ. सूत्रात: Av = λv. यात v शून्य नसावा ही अट असते, कारण शून्य सदिशाला कोणतीही पट चालते आणि मग या व्याख्येला अर्थच उरत नाही. पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा भार याच अटीवर आहे.

समजा, A हे निलपोटंट आहे, त्याचा k वा घात शून्य आहे आणि λ ही त्याची एखादी आयगेन व्हॅल्यू आहे. त्या λ चा सदिश v घेऊ आणि त्याच्यावर A पुन्हा पुन्हा चालवू. एकदा चालवले की λv मिळते. दुसऱ्यांदा चालवले की λ ही साधी संख्या असल्याने बाहेर येते आणि λ²v मिळते. असे k वेळा केले की v च्या पुढे λ हा k वेळा गुणलेला दिसतो. पण k वेळा A चालवणे म्हणजे शून्य मॅट्रिक्स चालवणे, तेव्हा उत्तर शून्य सदिशच असले पाहिजे. म्हणून λ चा k वा घात गुणिले v बरोबर शून्य. v तर शून्य नाही. मग λ चा k वा घात शून्य असलाच पाहिजे, आणि λ ही संख्या आहे, मॅट्रिक्स नव्हे. सुरुवातीचा नियम तिला लागू होतो: λ = ०.

मला या सिद्धतेत सर्वांत आवडते ते हेच. मॅट्रिक्सला शून्य न होता वर्ग शून्य करून दाखवण्याची सवलत आहे, त्याच्या आयगेन व्हॅल्यूला ती नाही.

आपल्या A वर हे थेट तपासता येते, निश्चयकही काढावा लागत नाही. 2x − y = λx आणि 4x − 2y = λy अशी दोन समीकरणे होतात. दुसऱ्याची डावी बाजू पहिल्याच्या डाव्या बाजूच्या दुप्पट आहे, म्हणून λy = 2λx. λ शून्य नाही असे क्षणभर धरले, तर y = 2x. ते पहिल्या समीकरणात घातले की डावीकडे शून्य येते, म्हणजे λx = ०, म्हणजे x शून्य आणि y ही शून्य. सदिशच नाहीसा झाला. उलट λ = ० घेतली की (१, २) हा सदिश लगेच हाती लागतो.

कॉलेजात डेरिव्हेटिव्ह शिकलेल्यांना याच गोष्टीचे दुसरे रूप ओळखीचे वाटेल. दोन किंवा त्याहून कमी घाताच्या बहुपदींवर डेरिव्हेटिव्ह काढत गेलो तर x² चे 2x होते, त्याचे २ आणि त्याचे शून्य. तीन पावलांत सगळे संपते. डेरिव्हेटिव्ह स्वतःच्याच पाचपट असेल अशी बहुपदी मिळेल का? नाही, कारण दर वेळी घात एकाने उतरतो आणि शून्याखेरीज कोणत्याही पटीला तो जसाच्या तसा राहायला हवा.

प्रत्यक्ष आकडेमोडीत मात्र एक धोका आहे. A मधला −१ हा आकडा किंचित बदलून −०.९९ करा. फरक फक्त ०.०१ चा. आता (११, २०) हा सदिश द्या: पहिला आकडा २२ − १९.८ = २.२, दुसरा ४४ − ४० = ४. म्हणजे (२.२, ४), मूळ सदिशाच्या बरोबर ०.२ पट. दुसरी आयगेन व्हॅल्यू −०.२ आहे. शंभराव्या भागाचा बदल केला आणि आयगेन व्हॅल्यू त्याच्या वीसपट हलली. म्हणून दशांश चिन्हानंतर काही स्थळांवर गोळाबेरीज करणारा संगणक खऱ्या निलपोटंट मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू शून्याऐवजी छोट्या छोट्या संख्या म्हणून छापू शकतो. तेवढ्यावरून मॅट्रिक्स निलपोटंट नाही असा निष्कर्ष काढू नये.

उलट दिशेने जातानाही जपून जावे लागते. (x, y, z) ला (0, −z, y) करणारे मॅट्रिक्स घ्या. वास्तव संख्यांत त्याची एकच आयगेन व्हॅल्यू आहे, शून्य. तरीही ते निलपोटंट नाही: (0, 1, 0) ला ते नव्वद अंशांनी फिरवत राहते आणि चार पावलांनी पुन्हा होता तिथे आणून ठेवते. त्याच्या उरलेल्या दोन आयगेन व्हॅल्यू, i आणि −i, वास्तव संख्यांत दिसत नाहीत इतकेच. सदसत् संख्याही मोजून सगळ्याच्या सगळ्या आयगेन व्हॅल्यू शून्य आल्या, तर मात्र मॅट्रिक्स निलपोटंट असते.

तेव्हा आकडे पूर्णांक असतील, तर खात्रीचा मार्ग सरळ गुणाकाराचा आहे, आणि त्याला मर्यादाही ठरलेली आहे. n ओळींचे निलपोटंट मॅट्रिक्स n व्या घातापर्यंत शून्य होतेच. दोन ओळींचे असेल तर वर्ग करून पाहा, तीन ओळींचे असेल तर घन. तोवर शून्य आले नाही, तर पुढे कधीच येणार नाही.