सवलत कुठल्या ओळीत वजा झाली?

हॉटेलच्या बिलात सवलत, सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी एकत्र आले की प्रत्येक टक्का कशावर लावला, हे पाहावे लागते. टक्के तेच ठेवूनही तीन वेगवेगळ्या बेरजा निघू शकतात.

समजा, जेवण 2000 रुपयांचे झाले. हॉटेलने 20 टक्के सवलत जाहीर केली आहे, 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला आहे आणि जीएसटी 5 टक्के आहे. सवलत आधी वजा केली तर 1600 रुपये उरतात. त्यावर सर्व्हिस चार्ज 160, म्हणजे 1760. त्यावर कर 88. एकूण 1848 रुपये.

दुसऱ्या पद्धतीत सर्व्हिस चार्ज मूळ 2000 वर धरतात, म्हणजे 200 रुपये. जेवणाचे 1600 धरून बेरीज 1800, कर 90 आणि एकूण 1890. तिसऱ्या पद्धतीत सर्व्हिस चार्ज आणि कर दोन्ही मूळ रकमेवर लागतात. 2000 अधिक 200 अधिक कर 110, असे 2310 झाले की शेवटी जेवणावरची सवलत म्हणून 400 रुपये वजा होतात आणि 1910 द्यावे लागतात. पहिल्या बिलापेक्षा हे 62 रुपयांनी जास्त आहे. त्यातले 40 रुपये वाढीव सर्व्हिस चार्जचे आणि 22 वाढीव कराचे.

सवलत शेवटी दिसली म्हणजे ग्राहकाचे नुकसान झालेच, असे मात्र नाही. 2310 या पूर्ण रकमेवरच 20 टक्के, म्हणजे 462 रुपये वजा केले, तर पुन्हा 1848 च येतात, कारण टक्क्यांच्या गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. फरक पडतो तो सवलत ठरावीक रुपयांत असेल किंवा फक्त जेवणाच्या रकमेवर मोजली असेल तेव्हा.

कराबाबत कायदा स्पष्ट आहे. 2017 च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 15 नुसार विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी दिलेली आणि बिलात नोंदवलेली सवलत करपात्र रकमेतून वगळायची असते. म्हणजे हॉटेलने स्वतः दिलेली सवलत वजा करून मगच कर लावणे योग्य. पैसे भरण्याच्या ॲपने किंवा बँकेच्या कार्डाने परत दिलेले पैसे ही वेगळी गोष्ट. तिथे हॉटेलला पूर्ण रक्कम मिळते, भार तिसरा कुणी उचलतो. त्यामुळे पूर्ण रकमेवर कर लागला तर ती चूक नव्हे.

बिल तपासण्याची सोपी वाट शेवटाकडून सुरू होते. बहुतेक हॉटेलांत 5 टक्के जीएसटी हा सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच असा दोन ओळींत छापलेला असतो. सीजीएसटीच्या रकमेला 40 ने गुणले की कर कोणत्या रकमेवर लावला ते कळते. वरच्या पहिल्या बिलात ही ओळ 44 रुपयांची, म्हणून करपात्र रक्कम 1760. तिसऱ्या बिलात ती 55 ची असेल. गुणाकार 2200 येतो आणि कर सवलतीआधी लावला हे उघड होते. काही मोठ्या तारांकित हॉटेलांच्या उपाहारगृहांत कर 18 टक्के असतो. तिथे सीजीएसटी 9 टक्के धरून 9 ने भागावे आणि 100 ने गुणावे. मद्य जीएसटीबाहेर असल्याने त्याची रक्कम आणि त्यावरचा व्हॅट वेगळा काढूनच हा हिशेब करावा, नाहीतर आकडे जुळत नाहीत. पैशांतल्या किरकोळ तफावतीसाठी शेवटची राउंड ऑफची ओळ पाहावी.

आता सर्व्हिस चार्ज. तो सरकारी कर नाही, हॉटेलने लावलेली रक्कम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलने तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचा नाही आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटीही घ्यायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी या सूचना कायम ठेवल्या. म्हणून वरच्या तीन बिलांपैकी सगळ्यात स्वस्त असलेले बिलही निर्दोष ठरत नाही. सर्व्हिस चार्ज काढून घेतला तर 1600 वर फक्त 80 रुपये कर लागतो आणि बिल 1680 रुपयांचे होते. पद्धतींच्या वादातून 62 रुपये वाचतात. चार्जची ओळच काढायला लावली तर 1848 मधूनही 168 रुपये कमी होतात.

म्हणून काउंटरवर आधी ती ओळ काढायला सांगावी आणि नवे बिल मागावे. नवे बिल आले की सीजीएसटीला 40 ने गुणून पाहावे. उत्तर सवलतीनंतरच्या जेवणाच्या रकमेइतके, इथे 1600, यायला हवे. हॉटेलने नकार दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी मूळ बिलाचा फोटो जपून ठेवावा.